रेपो रेट अडीच टक्के वाढला की साडेबासष्ट टक्के? पॉइंट आणि टक्के वेगळे कसे मोजायचे

रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उधार देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. आता रेट वाढला किती, असं चार जणांना विचारा, एक जण म्हणणार अडीच टक्के, दुसरा मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडून म्हणणार साडेबासष्ट टक्के, आणि मग दोघांची जुंपणार. आकडेमोड दोघांचीही बरोबर आहे, पहिल्याने फक्त नाव चुकीचं दिलंय. अडीच आहे ते पर्सेंटेज पॉइंट. साडेबासष्ट आहेत ते टक्के.

जी गोष्ट मुळातच टक्क्यांत मोजली जाते, म्हणजे व्याजदर, मतांचा वाटा, महागाईचा दर, तिथेच हा घोळ होतो. दूध ६० रुपयांचं ६६ झालं की सहा रुपये वाढले आणि दहा टक्के वाढले, दोन्ही बोलता येतं आणि कोणी गोंधळत नाही, कारण एकीकडे रुपये आहेत आणि दुसरीकडे टक्के. व्याजदराच्या बाबतीत दोन्हीकडे टक्केच, म्हणून फरकाला वेगळं नाव लागतं.

आधी दोन्ही आकडे शेजारी लिहा

बातमीत नुसता "वाढ इतकी" असा आकडा असेल तर आधी जुना दर आणि नवा दर शोधा. दोन्ही मिळाल्याशिवाय पुढे काही करू नका. आणि प्रत्येकाखाली हे कशाचे टक्के आहेत तेही लिहा, व्याजदर असेल तर मुद्दलाचे वर्षाला, मतांचा वाटा असेल तर पडलेल्या एकूण मतांचे. आपल्या उदाहरणात जुना ४, नवा ६.५०.

मग वजाबाकी

६.५० वजा ४, झाले २.५० पर्सेंटेज पॉइंट. बस. बँकवाले यालाच २५० बेसिस पॉइंट म्हणतात, कारण एका पॉइंटचे शंभर बेसिस पॉइंट होतात, आणि आपण "पाव टक्का कपात" म्हणतो ती म्हणजे २५ बेसिस पॉइंट. पाव टक्का, अर्धा टक्का हे बोलताना सगळे म्हणतात आणि दराबद्दल चाललंय हे समोरच्याला कळतं तोवर काही बिघडत नाही. मात्र लेखी द्यायचं असेल तर पॉइंट लिहा.

मग भागाकार

वजाबाकीतून आलेल्या फरकाला जुन्या आकड्याने भागा आणि शंभरने गुणा. २.५० भागिले ४, गुणिले १००, म्हणजे ६२.५ टक्के. भागायचं नेहमी जुन्याने, इथे बरेच जण नव्याने भागतात. समजा तोच दर ६.५० वरून परत ४ वर आला तर पॉइंट तेवढेच, अडीच, पण घट ६२.५ टक्के नसेल, ती ३८.५ टक्के, कारण आता भागायचं ६.५० ने.

आता ही वाढ सहा हप्त्यांत झाली होती, आधी ४० बेसिस पॉइंट, मग तीन वेळा ५०-५०, मग ३५ आणि शेवटी २५. यांची बेरीज करा, बरोबर २५० येते. पण प्रत्येक हप्त्याला दर किती टक्क्यांनी वाढला ते काढून त्यांची बेरीज केलीत तर सुमारे ५०.८ येतात, ६२.५ नाही, कारण प्रत्येक वेळी खालचा आकडा बदलत गेला. म्हणून रिझर्व्ह बँक, बँका, बाजार सगळे पॉइंटमध्येच बोलतात, पॉइंटची सरळ बेरीज-वजाबाकी होते.

आता हे आपल्या होमलोनला लावून बघू

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग होमलोन बँकेबाहेर ठरणाऱ्या बेंचमार्क दराला जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच. रेपो अधिक बँकेचं स्प्रेड, म्हणजे बँक रेपोवर चढवते तो जास्तीचा भाग, असा तुमचा दर ठरतो. समजा ३० लाखांचं लोन आहे, २० वर्षांसाठी, दर ६.५० टक्के. रेपो अडीच पॉइंट वाढला तर तुमचा दरही अडीच पॉइंट वाढून ९ टक्के होतो. रेपोची वाढ ६२.५ टक्के होती, तुमच्या दराची वाढ मात्र २.५ भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३८.५ टक्के. पॉइंट जसेच्या तसे तुमच्यापर्यंत येतात, टक्के येत नाहीत, कारण तुमचा पाया वेगळा आहे.

खिशाला काय लागतं ते महिन्याच्या व्याजात दिसतं. ३० लाखांवर साडेसहा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज १६,२५० रुपये, नऊ टक्क्यांनी २२,५००. म्हणजे ६,२५० रुपये जास्त, आणि ही वाढ बरोबर ३८.५ टक्के. आता समजा तुम्ही "अडीच टक्के वाढ" हे शब्दशः घेतलं, तर ६.५० चे अडीच टक्के वाढून दर झाला असता ६.६६ च्या आसपास आणि व्याज वाढलं असतं साधारण ४०० रुपये. चारशे कुठे आणि सव्वासहा हजार कुठे! एवढा फरक एका शब्दाने पडतो.

ईएमआय मात्र ३८.५ टक्के वाढत नाही हे लक्षात घ्या, कारण ईएमआयमध्ये मुद्दलही असतं. साडेसहाला ईएमआय सुमारे २२,३६७ रुपये, नऊला २६,९९२, म्हणजे वाढ साधारण २१ टक्के. तेव्हा एकाच घटनेचे तीन आकडे झाले, ६२.५, ३८.५ आणि २१, आणि तिन्ही खरे, रेपोचा वेगळा, तुमच्या दराचा वेगळा, हप्त्याचा वेगळा. म्हणून कोणीही टक्के सांगितले की पहिला प्रश्न, कशाचे?

आणि एक गोष्ट बघा. जुना हप्ता २२,३६७ आणि नवीन दराने महिन्याचं नुसतं व्याज २२,५००, म्हणजे मुद्दल अजून ३० लाखांच्या आसपास असताना बँकेने "हप्ता तोच ठेवू, मुदत वाढवू" म्हटलं तर हप्त्यातून व्याजसुद्धा भागत नाही, मुद्दल कमी व्हायचं सोडून वाढायला लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं ते याच्याबद्दलच, मुदत वाढवताना असं होऊ देऊ नका, शिवाय दर बदलला की हप्ता आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते कर्जदाराला कळवा. पॉइंटला टक्के समजणाऱ्याला हे दिसणारच नाही, त्याला वाटणार दर थोडासाच तर वाढलाय.

निवडणुकीत हेच, पण अजून एक पेच असतो

२०१९ च्या लोकसभेत भाजपला देशभरात सुमारे ३७.४ टक्के मतं होती, २०२४ ला ३६.६. काँग्रेस १९.५ वरून २१.२ वर गेली. वजाबाकी केली तर भाजप ०.८ पॉइंट खाली, काँग्रेस १.७ पॉइंट वर. भागाकार केला तर भाजपचा वाटा सुमारे २ टक्क्यांनी घटला, काँग्रेसचा जवळपास ९ टक्क्यांनी वाढला. आता समर्थक आणि विरोधक आपापल्या सोयीचा आकडा उचलतात, मोठं दाखवायचं तर टक्के, लहान दाखवायचं तर पॉइंट, आणि "टक्के" हा शब्द दोन्हीला लावला की कोणी पकडत नाही. जितका जुना वाटा छोटा तितका हा खेळ सोपा, एखादा पक्ष १ टक्क्यावरून २ वर गेला की त्याचा वाटा शंभर टक्के वाढला, आणि वाढ फक्त एक पॉइंट.

पेच असा की वाटा म्हणजे मतं नव्हेत. भाजपचा वाटा घटला तरी त्यांची प्रत्यक्ष मतं २२.९ कोटींवरून २३.६ कोटींवर गेली, म्हणजे सुमारे ३ टक्के वाढली, कारण एकूण मतदानच वाढलं होतं. आणि जागा? ३०३ वरून २४०, म्हणजे जवळपास २१ टक्के घट. वाटा ०.८ पॉइंट खाली, मतं ३ टक्के वर, जागा २१ टक्के खाली, एकाच पक्षाची एकच निवडणूक. मतांचा वाटा आणि जागा यांच्यात सरळ गुणोत्तर नसतं, कुठल्या मतदारसंघात ती मतं हलली यावर सगळं, त्यामुळे पॉइंटवरून जागांचा अंदाज बांधायला जाऊ नका.

सर्व्हे वाचताना पण हेच, "चूक अधिक-उणे ३ टक्के" लिहिलेलं असतं ते खरं तर ३ पॉइंट असतात. एखाद्या पक्षाला ४० टक्के दाखवले असतील तर सर्व्हेचं म्हणणं ३७ ते ४३ च्या मध्ये कुठेतरी, ४० चे ३ टक्के म्हणजे ३८.८ ते ४१.२ असं नव्हे. दोन पक्षांतलं अंतर २ पॉइंट असेल तर अशा सर्व्हेवरून कोण पुढे ते सांगता येत नाही.

एक्सेलमध्ये करणार असाल तर

A2 मध्ये जुना दर, B2 मध्ये नवा दर, दोन्ही सेल टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये. मग पॉइंट आणि टक्के असे:

```
=(B2-A2)*100
=(B2-A2)/A2
```

पहिला सेल साध्या नंबरच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. शंभरने न गुणता नुसती वजाबाकी केलीत तर एक्सेल स्वतःहून 2.50% असं दाखवतं, आणि तो तक्ता पुढे कोणाला पाठवला की समोरचा त्याला अडीच टक्के वाढ समजून मोकळा होतो. दुसरा सेल टक्क्यांच्याच फॉरमॅटमध्ये राहू द्या, तिथे 62.50% दिसेल. दोन्ही कॉलमच्या वर "पॉइंट" आणि "टक्के" अशी हेडिंग टाइप करा, आणि जुना दर शून्य असेल तर दुसऱ्या फॉर्म्युलात #DIV/0! येणार, तिथे टक्क्यांत वाढ काढताच येत नाही, पॉइंटच सांगायचे.

बातमीत "व्याजदर १० टक्क्यांनी वाढवला" असं वाचलंत आणि जुना दर ६ आहे हे माहीत असेल तर दोन्ही प्रकारे करून बघा, पॉइंट धरले तर नवा दर १६, टक्के धरले तर ६.६. भारतातल्या होमलोनला १६ होणं पटत नाही, म्हणजे बातमीदाराने खरंच टक्के काढलेत. "अर्धा टक्का वाढला" असं असेल तर एकीकडे ६.५ येतो, दुसरीकडे ६.०३, आणि ०.०३ इतका बारीक बदल सहसा कोणी करत नाही, तेव्हा तिथे पॉइंट. तरी शंका राहिली तर बँकेच्या मेसेजमधला जुना आणि नवा दर काढा आणि वजाबाकी स्वतः करा.