बिननावाची बेडशीट विकायची असेल तर आधी धुवा, मग मोजा

घाऊक बाजारातून बिनलेबलच्या डबल बेडशीट आणून ऑनलाइन विकायचं ठरवलं, तेव्हा माझ्याकडे एकच कागद होता: हिरव्या शाईतली पावती. तिच्यावर ‘९०×१००, कॉटन’ एवढंच लिहिलेलं. कापड कुठल्या मागावर विणलं, कुठे रंगवलं, हे विचारलं तर शेठ म्हणाले, "ताई, माल हाताला लावून बघा, कळतंच." मी हात लावला. जाड, भरीव लागली. चाळीस बेडशीट उचलल्या आणि पावतीवरचा आकडा जसाच्या तसा माहितीत टाकला.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या, आणि सगळ्यांची तक्रार एकच. दोन-तीन धुण्यांनंतर बेडशीट डोक्याकडून आणि पायाकडून गादीखाली खोचलेली राहत नाही, रात्रीत निघून येते. नऊ परत आल्या. येण्या-जाण्याचं भाडं माझ्या खिशातून गेलं, आणि ते पैसे मला अजून आठवतात.

‘हाताला कळतं’ हे वाक्य नव्या माणसाने मनावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कापडाला खळ आणि फिनिशिंग दिलेलं असतं, त्यामुळे पातळ कापडही दुकानात भरीव लागतं. हाताला जे कळतं ते त्या खळीबद्दल कळतं.

मग मी उरलेल्यांतल्या दोन बेडशीट काढल्या, एकाच गठ्ठ्यातल्या. एक धुवायची, दुसरी तशीच ठेवायची. दुसरी कशाला, ते पुढे सांगते.

मोजण्यासाठी बेडशीट फरशीवर पसरा. घडीच्या सुरकुत्या तळहाताने सारखं करून काढा, पण कापड ताणू नका. दोघांनी दोन टोकं धरून ओढली की दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात. लांबी तीन ठिकाणी आणि पन्हा तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. माझी बेडशीट भरली २२५×२४९ सेंटिमीटर. ९०×१०० इंच म्हणजे साधारण २२९×२५४ व्हायला हवं होतं. म्हणजे न धुताच ती कमी होती. वजन भरलं ७०६ ग्रॅम. क्षेत्रफळ ५.६० चौरस मीटर, त्यामुळे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, १२६.

आणि इथेच मी दुसऱ्यांदा फसले असते. तीन वेळा धुतली, नेहमीच्या पावडरने, सावलीत वाळवली, इस्त्री न करता पुन्हा मोजली. माप आलं २१९×२३५. वजन ६३८ ग्रॅम. जीएसएम काढला तर १२४. आकडा जवळजवळ तोच! मला वाटलं कापड चांगलं आहे, फक्त थोडं आटलं. मग वहीतले आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर लक्षात आलं. खळ निघून गेल्यामुळे वजन ६८ ग्रॅमने घटलं, आणि कापड आटल्यामुळे क्षेत्रफळही जवळजवळ त्याच प्रमाणात घटलं. भागाकारात दोन्ही घटी एकमेकींना झाकतात. म्हणून जीएसएमचा एकच आकडा बघून कधीही निष्कर्ष काढू नका, धुण्यापूर्वीचा नाहीच नाही, पण धुतल्यानंतरचा एकटा आकडासुद्धा नाही. अख्ख्या नगाचं वजन आणि दोन्ही मापं, धुण्याआधी आणि नंतर, असे सगळे आकडे एका ओळीत लिहा. माझ्या ओळीत स्पष्ट दिसत होतं की विकत घेतलेल्या वजनातला जवळपास दहावा हिस्सा बादलीत वाहून गेला.

आता ती दुसरी बेडशीट. सुती कापड हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीत तीच बेडशीट सकाळी एक वजन दाखवते आणि कडक उन्हाच्या दुपारी दुसरं. म्हणून न धुतलेली जोडीदार त्याच खोलीत, धुतलेलीच्या शेजारी, रात्रभर उघडी ठेवायची आणि दोन्ही एकाच वेळी वजनाला लावायच्या. न धुतलेलीचं वजन पहिल्याइतकंच भरलं तर घट खरोखर खळीची. तिचंही वजन बदललं असेल, तर तेवढा फरक हवामानाचा समजून बाजूला काढा.

तक्रारीचं कारण मग साध्या हिशेबात मिळालं. ६०×७८ इंचांच्या पलंगावर ६ इंच जाडीची गादी असेल, तर लांबीकडे फक्त गादी झाकायला ७८ अधिक दोन्ही बाजूंचे ६-६, असे ९० इंच लागतात. माझी आटलेली बेडशीट साडेब्याण्णव इंच, म्हणजे खोचायला प्रत्येक टोकाला जेमतेम सव्वा इंच. पन्ह्याकडे मात्र प्रत्येक बाजूला ७ इंच उरत होते, म्हणून बाजूंची तक्रार कोणी केली नव्हती. लांबीला ती साडेपाच टक्क्यांहून जास्त आटली होती आणि पन्ह्याला पावणेतीन टक्के. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि पाण्यात ते सैल होतात, त्यामुळे लांबी जास्त आटणं नेहमीचंच आहे. पण फरक इतका का, हे मला जाळून बघितल्यावर उमगलं.

जाळायची परीक्षा सगळे सांगतात, पण धागा कुठला घ्यायचा ते सांगत नाहीत. शिलाईचा धागा घेऊ नका, सुती कापडावरही तो बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. दुमडलेली पट्टी उसवा आणि कापडातले उभे धागे वेगळे, आडवे वेगळे काढा. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, पाणी शेजारी ठेवून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळी गाठ राहते. मी आधी फक्त उभे जाळले होते आणि राख बघून निश्चिंत झाले होते. आडव्यांच्या राखेत बोटाला टोचणारे कडक कण लागले. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, मिश्रण होतं, आणि पॉलिस्टर पाण्यात फारसं आटत नाही.

या परीक्षेची मर्यादाही ओळखा. व्हिस्कोसही सुतासारखंच जळतं, त्यामुळे ‘राख झाली म्हणजे कॉटन’ असं म्हणता येत नाही, आणि मिश्रण किती टक्के हे तर मुळीच कळत नाही. टक्केवारी लिहायची असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, घाटकोपरला बीटीआरए ही कापड संशोधन संस्था आहे. घरी ॲसिडचे प्रयोग करू नका, मला सुचवणारे भेटले होते. अहवाल हातात नसेल तर ‘१०० टक्के कॉटन’ लिहू नका. ‘सुती मिश्रण’ लिहिल्याने विक्री बुडत नाही, माझी बुडाली नाही.

रंगाचं काम सोपं आहे. पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून कोरडं दहा वेळा घासा, मग ओलं करून दहा वेळा. ओल्यावर फिका डाग आला तर ‘पहिल्यांदा वेगळी धुवा’ एवढं लिहा. गडद डाग आला तर ती छटा घेऊ नका. दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून वर्णन उचलायचा मोह मलाही झाला होता, पण त्याचा गठ्ठा माझा नसतो. माझ्याच पुढच्या गठ्ठ्यात तोच छाप होता आणि पन्हा चार सेंटिमीटर कमी.

आता माहितीत मी दोन मापं देते: ‘नवीन २२५×२४९ सेमी, तीन धुण्यांनंतर २१९×२३५ सेमी, ४ इंचांपर्यंतच्या गादीसाठी.’ प्रत्येक गठ्ठ्यातली एक बेडशीट धुण्यात जाते आणि तिची किंमत बाकीच्यांवर चढते, नगामागे काही रुपये. ती धुतलेली बेडशीट विकत नाही. कोपऱ्यावर न पुसणाऱ्या पेनाने तारीख आणि वजन लिहून कपाटात ठेवते, आणि नवा गठ्ठा आला की त्यातली धुतलेली बेडशीट हिच्यावर पसरून बघते.