सीएमईमध्ये वक्त्याची ओळख करून देताना या चुका टाळा

तालुक्याच्या ठिकाणी आयएमए शाखेची सीएमई रात्री साडेआठला सुरू होते. समोरचे डॉक्टर ओपीडी आटोपून, काही जण जेवायचे राहूनच आलेले असतात. त्यांना वक्त्याबद्दल दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस या विषयावर कोणत्या अधिकाराने बोलतोय, आणि उद्याच्या माझ्या पेशंटला याचा काय उपयोग. बहुतेक चुका या दोन जागांवरच होतात.

पहिली चूक पदव्यांची. नावापुढची अक्षरे ओळखीची वाटतात म्हणून सूत्रसंचालक अंदाजाने वाचतो. एमआरसीपी परीक्षा देऊन मिळते, एफआरसीपी हा रॉयल कॉलेजने निवडून दिलेला मान आहे. दोन्हींना 'लंडनची डिग्री' म्हटले की दोन्ही चुकीचे सांगितले जाते. एमडी मेडिसिननंतर मधुमेहातली वर्षभराची फेलोशिप केलेल्या डॉक्टरांना 'एंडोक्रायनॉलॉजिस्ट' म्हणू नका. त्यासाठी एंडोक्रायनॉलॉजीतले डीएम किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुपरस्पेशालिटी पदवी लागते. या मंडळाच्या पदवीला आता डीआरएनबी म्हणतात, पण आधी उत्तीर्ण झालेल्यांकडे डीएनबीच आहे, त्यामुळे स्वतःच्या मनाने 'दुरुस्त' करू नका. परदेशातल्या रुग्णालयात काही आठवडे निरीक्षक म्हणून राहणे आणि तिथे फेलोशिप करणे यातही मोठा फरक आहे. सभागृहात त्याच शाखेचे डॉक्टर बसलेले असतात आणि चूक त्यांच्या लगेच लक्षात येते. संकोच मात्र वक्त्याला होतो, कारण खोटा दावा त्याच्या नावावर लागतो. आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या आणि खऱ्या व्यावसायिक गुणवत्तेची प्रमाणपत्रे वा मानच लावता येतात. मंचावरूनही तोच दंडक पाळावा.

उपाय साधा आहे. चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: "सर, पदवी, विषय आणि सध्याचे पद जसे वाचायला हवे तसे लिहून पाठवाल का?" त्यावरून ओळख लिहून त्यांना परत दाखवा. औषध कंपनीच्या माणसाने पाठवलेला बायोडेटा किंवा जुन्या निमंत्रणपत्रिकेतला मजकूर उचलू नका, पद बदललेले असते. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो कसा जाहीर करायचा, हेही तेव्हाच ठरवून घ्या.

दुसरी चूक मला जास्त खटकते. विषयाचे महत्त्व सांगताना "सर्पदंश ही ग्रामीण भागातली गंभीर समस्या आहे" असे वाक्य येते. हे कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या डॉक्टरला सांगायची गरजच नाही. त्याला अडते ती नेमकी जागा सांगा. समजा विषय आहे घोणस चावल्यानंतर होणारी किडनीची इजा. तेव्हा ओळख अशी करता येईल:

"आजचे वक्ते एमडी मेडिसिन आणि डीएम नेफ्रॉलॉजी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी ते डायलिसिस विभाग सांभाळतात आणि पावसाळ्यात आपल्यापैकी अनेकांनी पाठवलेले सर्पदंशाचे पेशंट त्यांच्याकडे पोहोचतात. आपल्याकडे असा पेशंट येतो तेव्हा वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर बरेच काही ठरते. पण ती स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत झाली होती की प्लास्टिकच्या, आणि लघवी कमी झाल्याचे आपण कधी ओळखले, हे प्रश्न पेशंट पुढे पाठवताना मागे राहतात. पेशंट कधी ठेवायचा आणि कधी लगेच पाठवायचा, हे सर आज सांगणार आहेत."

हे शांतपणे वाचायला मिनिटभर पुरतो. सुवर्णपदके, शोधनिबंधांची संख्या, पुरस्कार यात नाहीत, कारण आजच्या विषयाशी त्यांचा संबंध नाही. अनुभवाचा उल्लेख आहे, तोही ऐकणाऱ्यांच्या पेशंटपर्यंत आणून सोडलेला. नळीचा प्रश्न घेतला, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी वापरली तर चांगले रक्तही गोठलेले दिसत नाही आणि निष्कर्ष चुकतो. प्रतिसर्पविषाचा डोस किंवा चाचणी पुन्हा कधी करायची, हे मात्र ओळखीत सांगू नका. तो वक्त्याचा भाग आहे, आणि तुम्ही सांगितलेला आकडा त्यांच्या स्लाइडशी जुळला नाही तर व्याख्यानाची सुरुवातच खुलाशाने होते.

ऐनवेळी वक्ता बदलला तर जुन्या कागदावर नवे नाव घालून वाचू नका. दोन मिनिटे बाजूला घेऊन त्यांच्याकडूनच पदवी आणि पद लिहून घ्या. पदवी वाचण्यात चूक झालीच तर त्याच क्षणी माईकवर दुरुस्त करा, "सर एमआरसीपी आहेत, मी एफआरसीपी वाचले," एवढे पुरे. व्याख्यान संपल्यावर केलेली दुरुस्ती निम्म्या लोकांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते तोवर निघून गेलेले असतात.