रिग्रेशन करताना या चुका टाळा: कोणती अट आकड्यासाठी, कोणती त्याच्या खात्रीसाठी

“काका, शापिरो फेल झाला. आता ओएलएस बाद ना?”

आमच्या रामबागेतलीच एक मुलगी एम.ए.च्या प्रबंधासाठी इंदूरमधल्या ६० फ्लॅटांची भाडी गोळा करून आली होती. भाडं एका बाजूला, क्षेत्रफळ दुसऱ्या बाजूला. भाड्याचा कॉलम शापिरो चाचणीत नॉर्मल ठरत नाही म्हणून तिने भाड्याचा लॉग घेतला होता आणि दोन दिवस त्यातच घालवले होते. खरी अडचण भलतीकडेच होती: राजवाड्यापासूनचं अंतर तिच्याकडे लिहिलेलं होतं, पण मॉडेलमध्ये घातलेलं नव्हतं.

ही गल्लत मी वारंवार पाहतो. ओएलएस म्हणजे लीस्ट स्क्वेअर्सने रेषा बसवणं; त्याच्या सगळ्या अटी मुलं एका दमात पाठ करतात आणि त्यातली एक मोडली की सगळंच मोडलं असं धरतात. प्रत्यक्षात इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपला आकडा सरासरीने खऱ्या आकड्यावर बसतो का, म्हणजे तो अनबायस्ड आहे का? त्याच डेटातून त्याहून कमी हलणारा आकडा काढता आला असता का, म्हणजे तो एफिशियंट आहे का? आणि त्याच्याशेजारी छापलेल्या स्टँडर्ड एररवर, पी-व्हॅल्यूवर विश्वास ठेवता येतो का? प्रत्येक प्रश्नाला लागणाऱ्या अटी निराळ्या आहेत.

चूक पहिली: रेसिड्युअल पाहून “एररचा x शी संबंध नाही” असं ठरवणं

आकडा अनबायस्ड असायला मॉडेल गुणकांमध्ये रेषीय हवं, एक चल दुसऱ्यांतून तंतोतंत निघत असेल असं नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे `E(u|x) = 0` हवं. भाड्यावर परिणाम करणाऱ्या ज्या गोष्टी मॉडेलबाहेर राहिल्या, त्या म्हणजे एरर u; त्यांची सरासरी क्षेत्रफळाप्रमाणे बदलायला नको. बस. इथे नॉर्मल वितरण लागत नाही, समान व्हेरियन्सही नाही.

आता समजा खरं समीकरण असं आहे (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत): दर चौरस फुटाला १२ रुपये भाडं वाढतं आणि राजवाड्यापासून दर किलोमीटरला ६०० रुपये कमी होतं. जुन्या वस्तीत घरं लहान, बाहेर मोठी. समजा १०० चौरस फूट जास्त असलेला फ्लॅट सरासरी अर्धा किलोमीटर लांब असतो. अंतर मॉडेलमध्ये नसेल, तर त्या १०० चौरस फुटांचे १२०० रुपये दिसायच्या जागी अंतराचे ३०० रुपये वजा होऊन ९०० दिसतात. म्हणजे गुणक १२ नाही, ९ येतो.

आणि हे चालवून पाहा:

```r
m <- lm(bhade ~ area, data = d)
cor(d$area, resid(m))
```

उत्तर शून्याला इतकं जवळ येतं की फक्त संगणकाची राउंडिंगची चूक उरते. मुलं खूश होतात. पण ओएलएस रेषा बसवतं तेच मुळी रेसिड्युअल आणि x यांचा सहसंबंध शून्य होईल अशा रीतीने. गुणक १२ असो की ९, उत्तर शून्यच येणार. ही अट डेटातून अशी तपासता येत नाही. भाडं ठरवणारं काय बाहेर राहिलंय आणि ते क्षेत्रफळाशी कोणत्या दिशेने जोडलेलं आहे, याचा विचारच करावा लागतो. हाताशी असेल तो चल घालून गुणक किती सरकतो हेही बघावं. ६० ऐवजी ६००० फ्लॅट आणले, तर ९ च्या भोवतीचा पट्टा अरुंद होईल, १२ मात्र सापडणार नाही. रोबस्ट स्टँडर्ड एररनेही ९ चे १२ होत नाहीत.

चूक दुसरी: व्हेरियन्स असमान, म्हणजे गुणक चुकीचा

नाही. इथे थोडं थांबून आकडे करून बघण्यासारखं आहे.

अंतराची भानगड बाजूला ठेवायला सगळे फ्लॅट एकाच मोहल्ल्यातले घ्या. ५००, १००० आणि १५०० चौरस फुटांचे प्रत्येकी २०. लहान फ्लॅटांची भाडी रेषेभोवती साधारण ५०० रुपयांनी पसरलेली, मधल्यांची १००० रुपयांनी, मोठ्यांची ३००० रुपयांनी. हेच हेटरोस्केडॅस्टिसिटी. मोठ्या फ्लॅटमध्ये फर्निचर, लिफ्ट, पार्किंग यांमुळे तफावत वाढते, त्यामुळे हे चित्र अनोळखी नाही.

ओएलएसचा गुणक इथेही सरासरीने १२ वरच बसतो. पण त्याचा खरा स्टँडर्ड एरर निघतो ०.६८, तर नेहमीचं सूत्र सगळ्यांचा व्हेरियन्स सारखा धरून सरासरी ०.५८ च्या आसपास छापतं. परिणाम असा की ९५ टक्के म्हणून दिलेला पट्टा प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपासच खरा ठरतो. हा झाला खात्रीचा प्रश्न, आणि त्याला उपाय आहे, रोबस्ट स्टँडर्ड एरर, त्यातलाच HC3 हा प्रकार:

```r
library(sandwich); library(lmtest)
coeftest(m, vcov = vcovHC(m, type = "HC3"))
```

याने गुणक तसाच राहतो, फक्त शेजारचा स्टँडर्ड एरर सुधारतो.

एफिशियन्सीचा प्रश्न याहून निराळा. तिन्ही गटांची तफावत ठाऊक असती आणि आपण जास्त पसरलेल्या फ्लॅटांना त्या प्रमाणात कमी वजन दिलं असतं, तर स्टँडर्ड एरर ०.४२ वर आला असता. गाउस-मार्कोव प्रमेय ओएलएसला रेषीय अनबायस्ड पद्धतींत सर्वोत्तम म्हणतं, ते व्हेरियन्स समान आणि एरर एकमेकांशी असंबद्ध असतील तेव्हाच. ती अट मोडली की ओएलएस सर्वोत्तम राहत नाही, अनबायस्ड मात्र राहतं. व्यवहारात वजनं नेमकी ठाऊक नसतात, म्हणून मी बहुतेक वेळा थोडी एफिशियन्सी सोडतो आणि HC3 घेतो.

एकाच इमारतीतले अनेक फ्लॅट असतील तर त्यांचे एरर एकत्र वरखाली होतात. तिथेही गुणक टिकतो, स्टँडर्ड एरर बिघडतो. HC3 पुरत नाही, इमारतीप्रमाणे क्लस्टर करावं लागतं, आणि इमारती सात-आठच असतील तर तोही आधार कच्चा.

चूक तिसरी: नॉर्मल नाही म्हणून लॉग

मुळात त्या मुलीने चाचणी लावली होती भाड्याच्या कॉलमवर. अट भाड्याविषयी नाही, x दिलेला असताना एररविषयी आहे. लहान-मोठे फ्लॅट एकत्र आले की भाड्याचा कॉलम वेडावाकडा दिसणारच. आणि एरर नॉर्मल नसले तरी वरचे दोन्ही निष्कर्ष, अनबायस्ड आणि गाउस-मार्कोव, जसेच्या तसे उभे राहतात. नॉर्मल एरर लागतात ते लहान नमुन्यात t आणि F ची कोष्टकं तंतोतंत लागू व्हायला. (ते नॉर्मल असले तर ओएलएस रेषीय नसलेल्या अनबायस्ड पद्धतींनाही मागे टाकतं, एवढी एक भर.) नमुना मोठा होत गेला की सेंट्रल लिमिट थिअरम ही उणीव भरून काढतं. १२ फ्लॅट असते आणि एखाद-दुसरं भाडं फार वर गेलेलं असतं, तर मीही काळजी केली असती. ६० ला, टोकाचा फ्लॅट नसेल तर, सहसा नाही.

लॉगने मात्र प्रश्नच बदलतो. “एका चौरस फुटाला किती रुपये” याऐवजी उत्तर “किती टक्के” असं येतं. भाडं खरोखर टक्क्यांत वाढत असेल तर लॉग जरूर घ्या, शापिरो पास व्हावा म्हणून घेऊ नका.

तिने शेवटी लॉग काढून टाकला, अंतर घातलं, HC3 चे स्टँडर्ड एरर छापले. चौरस फुटाचा गुणक वर सरकला. अंतर घातल्यावर तो कुठल्या दिशेला जाईल, हे तिने मॉडेल चालवण्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं.