शिगमोची मिरवणूक आणि ताजेपणाचे गुण

न्यूज सर्चच्या रँकिंगवर काम करायला येणारी नवी मुलं बहुधा एकच उपाय सांगतात: पान जितकं नवं, तितके गुण जास्त. पणजीत आमच्याकडे आलेल्यांना मी आधी ‘शिगमो मिरवणूक फोंडा’ ही क्वेरी देतो.

समजा, निकालात तीन पानं आली. गेल्या वर्षीचं वेळापत्रक, ज्याला ढीगभर लिंक्स आहेत. विश्वासाचे गुण ०.९. पर्यटन खात्याचं यंदाचं, दोन दिवसांपूर्वीचं, ०.८. आणि त्याचीच आज मारलेली नक्कल, ०.२. ताजेपणा दर सात दिवसांनी निम्मा होतो असं धरलं, तर तो अनुक्रमे जवळपास ०, ०.८२ आणि १ भरतो. निम्मं-निम्मं वजन देऊन बेरीज केली की खातं ०.८१, नक्कल ०.६, जुनं पान ०.४५. छान! पण ताजेपणाचं वजन ०.८ करून बघा: नक्कल ०.८४ वर जाते आणि खातं ०.८२ वर राहतं.

म्हणून मी बेरजेपेक्षा गुणाकार पसंत करतो. विश्वास कमी असला की नुसत्या नवेपणावर पान वर चढत नाही. नक्कल ०.२ वरच अडते.

खरी गोची पुढे आहे. पान छापल्यापासून वीस दिवसांनी, मिरवणूक तोंडावर आलेली असताना, खात्याच्या पानाचा ताजेपणा ०.१४ उरतो. गुणाकारातही ते ०.११ वर येतं आणि रोज तारीख बदलणारी नक्कल पुढे जाते. वेळापत्रक मात्र अजिबात शिळं झालेलं नसतं! त्यामुळे कार्यक्रमाच्या पानाचं वय छापल्या दिवसापासून मोजू नका. मजकुरातून मिरवणुकीची तारीख काढा, ती उलटेपर्यंत ताजेपणा पूर्ण ठेवा आणि मगच उतरवा. मार्ग किंवा दिवस बदलल्याची नवी सूचना त्याच खात्याकडून आली, तर जुनं पान लगेच खाली. ‘अपडेटेड’ या शिक्क्यावर तर विसंबूच नका. मुख्य मजकूर खरंच बदलला का, ते आधीच्या प्रतीशी ताडून पाहा.

‘शिगमो म्हणजे काय’ या क्वेरीला यातलं काहीच लावायचं नाही; तिथे जुनं, भरवशाचं पानच हवं. ताजेपणा कधी लावायचा हे ठरवायला त्या विषयाचे शोध आणि नवी पानं नेहमीपेक्षा एकदम वाढलीत का, ते बघतात. सणांच्या बाबतीत पंचांगही जोडा. फाल्गुन इंग्रजी तारखांत दरवर्षी सरकतो, आणि अधिक मास आला की गेल्या वर्षीच्या तारखेवर बांधलेला अंदाज पार कोलमडतो.

चाचणीसाठी माणसांकडून गुण घेताना क्वेरी कोणत्या दिवशी विचारली, तेही नोंदवा. डिसेंबरात ‘योग्य’ ठरलेलं जुनं वेळापत्रक मार्चात चूक असतं, आणि तारीख नसेल तर सुधारलेलं रँकिंगच रिपोर्टात नापास दिसतं.