अध्यक्षांचे मनोगत मराठीत आणताना: आकड्यांच्या या चुका टाळा

वार्षिक अहवालातले अध्यक्षांचे मनोगत दोन-तीन पानांचेच असते, पण त्यातला प्रत्येक आकडा मागच्या पानांवरच्या ताळेबंदाशी किंवा नफा-तोटा पत्रकाशी बांधलेला असतो. म्हणून अनुवाद वाचायला कितीही चांगला झाला, तरी आकडा जुळत नसेल तर तो परत येतो. एक नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

मुळातला आशय असा: २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीचा एकत्रित महसूल १२ टक्क्यांनी वाढून ४,१२६ दशलक्ष रुपये झाला. परिचालन नफ्याचे प्रमाण १५० आधारबिंदूंनी सुधारून १४.५० टक्के झाले. संचालक मंडळाने प्रतिसमभाग २.५० रुपये अंतिम लाभांशाची शिफारस केली आहे.

आणि पहिला खर्डा बहुतेकदा असा येतो: "२०२५ मध्ये आपला महसूल १२ टक्के वाढून सुमारे ४१३ कोटींवर पोहोचला. नफा दीड टक्क्याने वाढून १४.५ टक्के झाला. आम्ही अडीच रुपये लाभांश जाहीर केला आहे."

वाक्ये सुटसुटीत आहेत, ऐकायलाही बरी वाटतात. तरीही हा मजकूर छापता येणार नाही.

४,१२६ दशलक्ष म्हणजे ४१२.६ कोटी, हा हिशेब बरोबर आहे. पण कंपनीने ताळेबंदासाठी निवडलेले एकक सगळ्या विवरणांत सारखे ठेवायचे, असे कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात म्हटले आहे. तक्ते दशलक्षात असताना मनोगतात कोटी आले, तर भागधारकाला तो आकडा मागच्या पानांवर सापडणारच नाही. वाचकाला कोटी सोपे जातात हे खरे, पण ती सोय करण्याचा अधिकार कंपनीचा आहे, अनुवादकाचा नव्हे. 'सुमारे' हा शब्द मुळात नाही, म्हणून मराठीतही नको. 'एकत्रित' मात्र गळता कामा नये. त्यात उपकंपन्या धरलेल्या असतात. तो शब्द गेला की वाचक आकडा स्वतंत्र विवरणपत्रात शोधतो आणि तिथे वेगळीच रक्कम दिसते. लांब इंग्रजी वाक्य तोडताना असे शब्द हमखास मागे राहतात.

नफ्याच्या प्रमाणाची चूक सगळ्यात फसवी. १५० आधारबिंदू म्हणजे १३ टक्क्यांवरून १४.५० टक्के. "दीड टक्क्याने वाढून" असे लिहिले की त्याचा दुसराही अर्थ निघतो: १३ चा दीड टक्का, म्हणजे जेमतेम १३.२ टक्के. शिवाय 'प्रमाण' गळल्याने नफ्याची रक्कमच वाढल्यासारखे वाटते. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून "१३ टक्क्यांवरून" असे घालायचा मोह होतो. तोही टाळावा, कारण मुळात नसलेला आकडा मराठीत आला की पडताळणाऱ्याच्या यादीत एक आकडा जास्त भरतो. '१५० आधारबिंदूंनी' एवढेच ठेवावे. १४.५० मधले शेवटचे शून्यही तसेच राहू द्यावे.

लाभांशाच्या वाक्यात आकडा आणि औपचारिकता दोन्ही एकदम सांभाळावी लागतात. अंतिम लाभांशाची संचालक मंडळ शिफारस करते आणि तो जाहीर करतात भागधारक, वार्षिक सर्वसाधारण सभेत. अंतरिम लाभांश मात्र मंडळ स्वतः जाहीर करू शकते. त्यामुळे इथे "आम्ही जाहीर केला" हे नुसते घरगुती वळण नाही, ते चुकीचे विधान आहे. "संचालक मंडळाने प्रतिसमभाग २.५० रुपये अंतिम लाभांशाची शिफारस केली आहे" असेच लिहावे. 'अडीच' बोलण्यात शोभतो. छापील मनोगतात २.५० हवे. '२०२५ मध्ये' म्हटले की कॅलेंडर वर्ष डोळ्यांपुढे येते, म्हणून '२०२४-२५ या आर्थिक वर्षात'.

आता खास वडोदऱ्यातली अडचण. इथे पानाची मांडणी करणारा डीटीपी ऑपरेटर बऱ्याचदा दिवसभर गुजरातीत काम करतो. दुरुस्तीच्या वेळी कीबोर्ड गुजरातीवरच राहिला, तर देवनागरी ४ ऐवजी गुजराती ૪ टंकला जातो. २, ४, ७ आणि शून्य दोन्ही लिप्यांत इतके सारखे दिसतात की प्रूफ वाचताना लक्षात येत नाही. युनिकोडमध्ये मात्र ही वेगळी चिन्हे आहेत, म्हणून पीडीएफमध्ये ४,१२६ शोधले तर ૪,१२६ सापडत नाही. सगळा मजकूर Notepad++ मध्ये घ्यावा, शोधाच्या खिडकीत Regular expression निवडावे आणि हे टाकावे:

```
[૦-૯]
```

एकही चिन्ह सापडले तर तिथे देवनागरी अंक घालावा. त्यानंतर इंग्रजी आणि मराठी मजकुरातले फक्त आकडे, एककासह आणि आलेल्या क्रमाने, दोन स्तंभांत उतरवून एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने खूण करावी. मराठीत वाक्यरचनेमुळे क्रम थोडा बदलतो, पण दोन्हीकडची संख्या सारखीच भरली पाहिजे. ही पडताळणी वर्ड फाइलवर करून भागत नाही. छपाईला जाणाऱ्या पीडीएफवर करावी, आणि समोर इंग्रजीची संचालक मंडळाने मंजूर केलेली प्रतच असावी. लेखापरीक्षणाच्या शेवटच्या दिवसांत बदललेला आकडा त्या प्रतीतच असतो, अनुवादकाला आधी मिळालेल्या खर्ड्यात नसतो.