बसच्या आतला जाहिरातीचा फोटो काढताय? खिडकीतल्या या चुका टाळा

ट्रॅव्हल्सवाल्यांचे बॅनर बघतो तेव्हा सीटं चकाचक असतात, माणसं हसरी असतात, पण फोटो खोटा वाटतो आणि कारण बहुतेक वेळा खिडकी असते. नवीन पोरं घाईत असतात, बाहेरचं पांढरंफटक झालं की म्हणतात राहू द्या, नंतर एडिटिंगमध्ये शेत चिकटवू. मला हे अजिबात पटत नाही, कारण मी स्वतः ते करून बसलोय.

लातूरच्या एका मालकांचं काम होतं, मे महिना, भर दुपारी बारा, बस शेडच्या भिंतीला डाव्या अंगानं चिकटून उभी. चेहऱ्यावर एक्स्पोजर धरलं तर उजव्या खिडक्या जळाल्या आणि डावीकडं नुसती भिंत, मग घरी येऊन सगळीकडं हिरवंगार शेत बसवलं. मालकांच्या वडिलांनी बघितलं न् म्हणाले, "बाळा, मे महिन्यात आपल्याकडं काळी नांगरट असती, हे शिवार कुठलं? आन् डावीकडच्या झाडांच्या सावल्या बसकडं पडल्यात, म्हणजे ऊन तिकडून येतंय, मग पोरीचा डावा गाल अंधारात कसा?" सगळं परत शूट करावं लागलं.

आता मी साडेचार-पाचलाच जातो. बस मोकळ्या रानाजवळ उत्तरेला तोंड करून उभी करायची, म्हणजे मावळतीचं ऊन डाव्या खिडक्यांवर येतं. त्या खिडक्यांवर बाहेरून पांढरी चादर ताणून बांधायची, सगळी बाजूच मऊ उजेडाची होते आणि चेहऱ्यावर कडक पट्टे पडत नाहीत. फ्रेममध्ये उजव्या खिडक्या घ्यायच्या, तिकडचं शिवार समोरून उजळलेलं असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तीन फोटो: एक चेहऱ्यासाठी, एक दोन स्टॉप कमी, एक चार स्टॉप कमी, आणि खिडकीपुरता भाग गडद फोटोतून घ्यायचा. बाहेर थोडं जास्तच उजळ राहू द्यायचं, आतल्याइतकंच केलं की पोस्टर चिकटवल्यासारखं दिसतं.

गाडी पळतीय असं दाखवायचं असेल तर सगळ्या बाहेरच्यावर एकसारखा ब्लर मारू नका, जवळचा खांब जोरात ओढला जातो, लांबचा डोंगर जवळजवळ स्थिर राहतो.

सोळा एमएमच्या लेन्सनं बस लांबलचक दिसते खरी, पण कडेच्या माणसाचं डोकं ताणलं जातं आणि प्रवासी येऊन बघतो तर गुडघे समोरच्या सीटला टेकतात. फुल फ्रेमवर मी चोवीसच्या खाली जात नाही, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर.

निळी एलईडी पट्टी बंद करा, चेहरे आजारी दिसतात.

पोलरायझर काढून ठेवा, कडक केलेल्या काचेवर त्यातून डाग-डाग उमटतात आणि नंतर ते पुसता पुसत नाहीत.

आणि सगळ्या प्रवाशांना कॅमेऱ्याकडं बघायला लावू नका. कुणी डबा उघडलेला, कुणी खिडकीला डोकं टेकलेलं, वर रॅकमध्ये खरी बॅग.