शिकवणीची फी: पालकांना काय विचारावं

"घरी येऊन शिकवायचे किती द्याल?" असं फी ठरवण्यासाठी पालकांना थेट विचारू नका. घासाघीस होणार या हिशेबानं पालक आकडा कमीच सांगतात. आधी विचारा, "गेल्या महिन्यात क्लास-शिकवणीला नेमके किती रुपये गेले?" हे पैसे खरोखर खिशातून गेलेले असतात. मग प्रत्येक पालकापुढे एकच भाव ठेवा: "आठवीचं गणित, आठवड्यातून 3 दिवस, रोज एक तास, महिना 3000 रुपये. सोमवारपासून सुरू करायचं का?" कुठल्या भावाला किती होकार येतात हे कळावं म्हणून काहींना 2000, काहींना 4000 विचारा, कुणाला कुठला भाव, हे चिठ्ठी टाकूनच ठरवा. नाहीतर बंगल्यात महाग, चाळीत स्वस्त असं आपसूक होतं. होकार आला की लगेच वार आणि वेळ विचारा. "यांना विचारून सांगते" हा होकार धरू नका.